मूत्राचा पीएच आणि इलेक्ट्रोडचा उतार

रक्तात आम्लता असूनही बालकाच्या मूत्राचा पीएच ५.५ च्या खाली उतरत नसेल, तर डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिसची शंका घ्यावी लागते. येथे पीएच मीटरची अचूकता निर्णायक ठरते.

केवळ ७ च्या बफरवर मीटर जुळवणे पुरेसे नाही. २५ अंश सेल्सियसला उत्तम इलेक्ट्रोड दर पीएच एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो, म्हणून ७.०० व ४.०१ या बफरांत १७७ मिलिव्होल्टचे अंतर अपेक्षित असते. ते १४२ भरल्यास उतार ८० टक्के झाला. मग ५.२ पीएचचे मूत्र ५.५६ दिसेल आणि निदान चुकेल. दुसऱ्या बफरने हा दोष भरून निघतो. तरीही उतार ९५ टक्क्यांखाली असल्यास इलेक्ट्रोड स्वच्छ करावा, न सुधारल्यास बदलावा.

उतार तापमानाबरोबर वाढतो, म्हणून बफर व मूत्र एकाच तापमानाला असावेत.

आकडा सरकत राहिल्यास इलेक्ट्रोड पुन्हा बफरमध्ये बुडवावा. तेथेही सरकला, तर दोष इलेक्ट्रोडचा: काच कोरडी पडलेली, किंवा तिच्यावर प्रथिनांचा थर. थर पेप्सिनच्या आम्ल द्रावणाने निघतो. इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावा. बफरमध्ये आकडा स्थिर राहिला, तर मूत्रच बदलते आहे. ताजा नमुना घ्यावा.