महाराजांच्या तोंडी शब्द घालताना



गेल्या वर्षी आमच्या मंदिरात दत्तजयंतीसाठी चार मिनिटांची चित्रफीत केली. श्रीनृसिंहसरस्वती महाराज औदुंबराखाली बसलेत, डोळे उघडतात आणि भक्तांना उपदेश करतात, असा प्रसंग समितीतल्या एका मुलाने संगणकावर तयार केला. मेहनत पुष्कळ घेतली होती. पडद्यावर ती लागली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले आणि नंतर मला विचारलं, "काका, महाराजांचा हा आवाज कुठून मिळाला हो?"

मी गप्पच झालो. आवाज मुलाने संगणकावर बनवला होता आणि उपदेशाची वाक्यं त्याने स्वतः लिहिली होती. ती गुरुचरित्रात नाहीत. आजींनी मात्र ती महाराजांची म्हणून मनात ठेवली. बँकेत दुसऱ्याच्या नावाने सही करायची नसते, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. इथे तेच झालं होतं, फक्त कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग आम्ही दोघं ती फीत पुन्हा पाहायला बसलो. महाराजांचं चित्र एका संकेतस्थळावरच्या तयार चित्रांतून घेतलेलं होतं. तिथे ते नुसतं 'साधू' म्हणून ठेवलेलं. जटा वाढलेल्या, अंगाला भस्म. महाराजांनी तर काशीला कृष्णसरस्वतींकडून संन्यास घेतलेला; म्हणजे मुंडन, भगवी वस्त्रं, दंड आणि कमंडलू. शेवटच्या दत्तप्रभूंच्या चित्रात हात मोजले, तर सात भरले! एका हातातला डमरू वाटीसारखा, आणि कुत्री तीनच. संगणक अशी चित्रं बनवतो तेव्हा हात, बोटं आणि आयुधं इथे चुकू शकतो. म्हणून चित्र मोठं करून मोजायचं: तीन मुखं, सहा हात, त्यांत माळ-कमंडलू, डमरू-त्रिशूळ, शंख-चक्र, मागे गाय, पायाशी चार कुत्री. एकमुखी दत्तमूर्तीही आहेत, त्यामुळे एक मुख दिसलं की चूक असं नाही. आपल्या मंदिरातली मूर्ती कशी आहे, ते पाहून ठरवावं.

चित्रं करताना एक भेद मनात पक्का हवा. दत्तप्रभूंचं रूप ध्यानाप्रमाणे काढतात. नृसिंहसरस्वती महाराजांच्या काळी कॅमेरा नव्हता, त्यामुळे त्यांचं कुठलंही चित्र चित्रकाराच्या भावनेतून आलेलं आहे. तसं सांगून दाखवायला हरकत नाही. पण टेंबेस्वामी महाराजांसारख्या सत्पुरुषांची (१८५४ ते १९१४) छायाचित्रं आहेत. तिथे सर्वांत जपावं लागतं. खऱ्या छायाचित्रातले ओठ हलवले की पाहणाऱ्याला ती जुनी फिल्मच वाटते. आम्ही ठरवलं, छायाचित्र हलवायचं नाही. समईची ज्योत हलू दे, कृष्णामाईचं पाणी वाहू दे, महाराज स्थिर राहू देत.

दुसरी गोष्ट, सांगायचं कुठे? मुलाने शेवटी बारीक अक्षरात एक ओळ टाकली होती. पण लोक मधलाच तुकडा कापून व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतात, ओळ मागेच राहते. म्हणून काल्पनिक चित्र जितका वेळ दिसेल तितका वेळ, त्याच चौकटीत खाली, मोबाइलवर आपल्या वयाच्या माणसाला चष्म्याने वाचता येईल एवढं लिहायचं: "संगणकावर तयार केलेले काल्पनिक चित्र. आवाज निवेदकाचा." अक्षरं चेहऱ्यावर किंवा चरणांवर येऊ द्यायची नाहीत. यूट्यूबवर चढवताना खरं भासणाऱ्या बदललेल्या दृश्यांसाठी 'Altered content' असा प्रश्न येतो, तिथे 'Yes' करायचं. उघड कार्टूनसारखं चित्र असेल तर यूट्यूब ते मागत नाही. आपण मात्र आपली ओळ तिथेही ठेवावी.

तिसरं म्हणजे मालकी. देव सगळ्यांचा असला तरी चित्र चित्रकाराचं असतं. आपल्याकडे चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं आता मोकळी आहेत. पण आजच्या चित्रकाराचं कॅलेंडर स्कॅन करून वापरायचं तर परवानगी हवी. फुकट मिळणाऱ्या चित्राचीही अट वाचावी. कुठे नाव द्यावं लागतं, कुठे बदल चालत नाही. त्यासाठी आम्ही एक वही घातली. चित्र कुठून आणलं, कोणाचं, अट काय, तारीख आणि आपण त्यात काय बदललं, असे पाच रकाने.

यंदा फीत नव्याने केली. औदुंबर, पादुका, नदीचा घाट ही आमच्याच माणसांनी काढलेली छायाचित्रं. महाराजांचं एकच स्थिर चित्र, खाली ओळ. प्रसंग गुरुचरित्रातला, निवेदन गुरुजींच्या आवाजात, अध्याय सांगून. आजींना आधी घरी जाऊन दाखवली आणि गेल्या वर्षीचं खरं काय ते सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "तेव्हाच सांगायचं होतं रे. मी ते वाक्य नातवंडांना शिकवलंय."