हॅच का भरत नाही? नकाशाच्या कडेतली न दिसणारी फट



शाळेच्या वाचनालयाच्या खोलीत फरशी बसवायची ठरली, तेव्हा विश्वस्तांनी एक साधा प्रश्न विचारला : फरश्या किती लागतील? संगणक वर्गातल्या दहावीच्या एका विद्यार्थिनीने ऑटोकॅडमध्ये खोलीचा नकाशा काढला होता. त्यात फरशीचा भाग हॅचने, म्हणजे ठरावीक नमुन्याच्या रेघांनी भरायचा आणि त्याचे क्षेत्रफळ वाचायचे, एवढेच काम उरले होते. पण खोलीच्या मध्यभागी क्लिक केले की दर वेळी एकच सूचना येई : `A closed boundary could not be determined.` बंद सीमा सापडली नाही. पडद्यावर तर चारही भिंती नीट जुळलेल्या दिसत होत्या. ती फट कशी सापडली, ते येथे सविस्तर सांगतो.

आपल्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुलांना धानाची बांधी ठाऊक आहे. बांधाला खेकड्याने एक भोक पाडले तरी पाणी थांबत नाही. आणि लांबून पाहिले तर बांध अखंडच दिसतो. हॅचचे असेच आहे, फक्त येथली भोके त्याहून फार लहान असतात. पेंटमधली रंगाची बादली पडद्यावरचे ठिपके भरत जाते, म्हणून ठिपके एकमेकांना लागलेले असले की तिला पुरते. ऑटोकॅड ठिपके पाहत नाही. ते रेषांच्या टोकांचे आकडे पाहते. एका रेषेचे टोक आणि पुढच्या रेषेचे टोक एकाच बिंदूवर नसेल, तर त्याच्या दृष्टीने बांध फुटलेला आहे.

आमच्या खोलीची आतली मापे 7200 बाय 5400 मिलिमीटर. खिडक्या आणि दारामुळे आतली कड 14 तुकड्यांत काढलेली होती. एकेक सांधा तपासत बसण्याऐवजी आम्ही खोलीचे भाग पाडले. कोणी 1 ते 100 मधला एक आकडा मनात धरला, तर आपण आधी "50 पेक्षा मोठा का?" असे विचारतो, तीच ही युक्ती.

प्रथम संपूर्ण खोली पडद्यावर मावेल इतके झूम केले, कारण सीमेचा काही भाग पडद्याबाहेर राहिला तरी हॅच अडू शकते. मग खोलीच्या मधोमध, दोन्ही भिंतींच्या थोडी बाहेर जाईल अशी एक उभी तात्पुरती रेषा वेगळ्या लेयरवर काढली. डाव्या अर्ध्यात क्लिक केले, हॅच भरली. उजव्या अर्ध्यात भरली नाही. म्हणजे फट उजवीकडे. उजव्या अर्ध्यात आडवी रेषा काढली. खालचा भाग भरला, वरचा नाही. त्या वरच्या भागात पुन्हा एक उभी रेषा काढली, तेव्हा फट ईशान्येच्या कोपऱ्याजवळ आहे हे कळले. तीन रेषांत काम झाले. एका पायरीला दोन्ही भाग भरले नाहीत, तर फटी एकाहून अधिक आहेत असे समजावे व प्रत्येक भाग याच रीतीने तपासावा. नव्या आवृत्त्यांत उघड्या टोकांभोवती लाल वर्तुळे दिसतात. ती आली तर आधी तेथेच पाहावे. आमची आवृत्ती जुनी आहे.

आता कोपरा हाती आला, पण फट दिसेना. आम्ही `ID` ही आज्ञा देऊन दोन्ही रेषांची टोके एण्डपॉइण्ट स्नॅपने पकडली. दोन्हीकडे X चा आकडा 7200 आणि Y चा 5400. मग चूक कोठे? खरी फसवणूक येथेच होती. नकाशा सुरू करताना आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून दशांश स्थाने शून्य ठेवलेली होती, त्यामुळे संगणक आकडा पूर्णांकात दाखवत होता. `LUPREC` चे मूल्य 4 केले आणि पुन्हा विचारले :

```
X = 7199.6000  Y = 5400.0000  Z = 0.0000
X = 7200.0000  Y = 5400.0000  Z = 0.0000
```

उत्तरेची भिंत 0.4 मिलिमीटर आधीच थांबली होती. ही फट कागदावर कधीच दिसली नसती. 1:100 प्रमाणात ती 0.004 मिलिमीटर होते, आणि छापील रेघच 0.25 मिलिमीटर जाड असते. म्हणजे रेघेची जाडी फटीच्या साठपट. कारण विचारले तेव्हा मुलीने प्रामाणिकपणे सांगितले की बाकीची मापे टाइप केली होती, पण ती शेवटची रेषा ऑब्जेक्ट स्नॅप बंद असताना नजरेने टेकवली होती. `F3` दाबून स्नॅप चालू केला असता तर हे घडलेच नसते.

वरच्या उत्तरातला Z सुद्धा वाचावा. कधी X आणि Y तंतोतंत जुळतात, पण एका टोकाचा Z शून्य नसतो. वरून पाहता सांधा पक्का दिसतो, प्रत्यक्षात एक रेषा दुसरीच्या वर तरंगत असते. तशा वेळी प्रॉपर्टीज खिडकीत Z चे आकडे शून्य करावेत.

दुरुस्ती सोपी होती. `FILLET` आज्ञेत त्रिज्या 0 देऊन कोपऱ्यातल्या दोन्ही रेषा निवडल्या, की त्या वाढून नेमक्या छेदबिंदूवर मिळतात. तात्पुरत्या रेषा पुसल्या, हॅच भरली, क्षेत्रफळ आले 38.88 चौरस मीटर. 300 मिलिमीटरच्या चौकोनी फरश्या एका दिशेला 24 आणि दुसरीला 18, म्हणजे 432. तुटफुटीसाठी 5 टक्के धरून विश्वस्तांना 454 चा आकडा दिला.

एक पळवाट मात्र सांगून ठेवतो, कारण वर्गातल्या एका मुलाने ती आधीच सुचवली होती. `HPGAPTOL` या मूल्याइतकी फट हॅच दुर्लक्षित करते. मुळात ते 0 असते. त्याने ते थेट 1000 करू या म्हटले. हॅच भरली असती, यात शंका नाही. पण आमचे दार 900 मिलिमीटरचे आहे. उंबऱ्याची रेषा काढायची राहून गेली असती तर संगणकाने दारालाही फट समजून ते मुकाट्याने मिटवले असते, आणि फरशी भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत घ्यायची की बाहेरच्या, हे आपल्याला न विचारता ठरून गेले असते. 230 मिलिमीटर जाडीच्या भिंतीत तो फरक 0.207 चौरस मीटरचा, म्हणजे दोन फरश्यांहून जास्त आहे. शिवाय मूळ रेषा उघड्याच राहतात, म्हणून पुढच्या कामात तोच अडथळा पुन्हा येतो. घाईच असेल तर हे मूल्य 1 मिलिमीटरपर्यंत ठेवावे, आणि काम झाले की पुन्हा 0 करावे.

वाचनालयाच्या नकाशाची प्रत संगणक कक्षात ठेवली आहे. त्यातला तो कोपरा मुद्दाम पूर्वीसारखाच उघडा ठेवला आहे. ज्यांना शोधायचा असेल त्यांनी आधी दशांश स्थाने तपासावीत.