तीन दिवे पेटलेले, तरी गाडी बंद

गणपतीनंतर कोकणातल्या घरून परतायच्या दिवशी माझ्या चुलतभावाची गाडी सुरू होईना. पावसात अंगणात उभी राहून बॅटरी उतरली होती. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे धक्का मारून सुरू करायची सोय नाही. पण डिकीत जंप स्टार्टर होता, विटेपेक्षाही लहान. त्याच्या चार दिव्यांपैकी तीन पेटत होते. लाल चिमटा लालला, काळा काळ्याला लावला, वायरवरचा हिरवा दिवा लागला आणि दादाने सेल्फ मारला. बोनेटखालून नुसती खटखट आली. काही वेळ थांबून पुन्हा मारला, पुन्हा तेच. पुढच्या प्रयत्नानंतर वायरवरचा दिवा लाल झाला आणि पॅकवर एकच दिवा उरला. दोन लहान मुलं, सामान आणि म्हातारी काकू गाडीत बसून होती. पॅक बोगस निघाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

गावातल्या वायरमनने मात्र मीटर काढला. एक सुई पॅकच्या लाल चिमट्याच्या धातूवर, दुसरी गाडीच्या केबलच्या टोकाशी असलेल्या कडीवर, म्हणजे टर्मिनलवर टेकवली आणि म्हणाला, "दादा, आता मारा सेल्फ." मीटरवर २.६ व्होल्ट दिसले. काळ्या बाजूला तसंच मोजलं तर ०.९. म्हणजे पॅकमधून निघालेल्या दाबातले साडेतीन व्होल्ट स्टार्टरपर्यंत पोहोचतच नव्हते, जोडांमध्येच संपत होते. त्या ओढीखाली पॅक स्वतः अकरा व्होल्टच्या आसपास उतरला होता. त्यातून साडेतीन गेले की स्टार्टरच्या वाट्याला साडेसात येतात. एवढ्यावर सोलेनॉइड ओढला जातो, मोटर फिरू लागताच दाब आणखी पडतो, सोलेनॉइड सुटतो आणि परत ओढला जातो. खटखट येते ती यामुळे.

लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर फिरताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह असला की ०.०२ ओहमचा अडथळासुद्धा दोन-तीन व्होल्ट खातो. हा अडथळा आमच्याकडे होता टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरवट बुरशीसारख्या थरात. चिमट्याचे दात त्या थरावर बसले होते, धातूला लागलेच नव्हते. हिरवा दिवा लागला, कारण तो लागायला प्रवाह जवळजवळ लागतच नाही. तो फक्त उलटी जोडणी नाही आणि बॅटरीत थोडा दाब आहे एवढंच सांगतो. पकड घट्ट आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

चिमट्याचीही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. स्वस्त चिमट्यांत जाड वायर एकाच जबड्याला जोडलेली असते. दुसरा जबडा स्प्रिंग आणि खिळ्यातूनच जोडलेला, त्यामुळे त्या बाजूने प्रवाह नीट जात नाही. वायर कोणत्या जबड्यात शिरते ते बघा आणि तोच जबडा टर्मिनलच्या स्वच्छ धातूवर येईल असा चिमटा लावा. लावल्यावर थोडा डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे दात धातूत रुततात. पॅकमध्ये घुसणारा निळा प्लगही शेवटपर्यंत दाबला आहे ना, हे पाहा. तो अर्धवट बसला तरी दिवा लागतो, पण तिथेच गरम होतो.

वायरमनने दहा नंबरच्या पान्याने आधी काळं टर्मिनल सोडलं, मग लाल. खायचा सोडा पाण्यात कालवून थर धुतला, कोरडं केलं आणि खांब व कडीची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली. जोडताना उलटा क्रम, आधी लाल, शेवटी काळं. आतली बाजू घासणं महत्त्वाचं, कारण थर खांब आणि कडी यांच्यामध्ये असेल तर खांबाला चिमटा लावून उपयोग नाही, नवी बॅटरी आणली तरीही गाडी अडेल. काळा चिमटा त्याने बॅटरीला न लावता इंजिनच्या एका न रंगवलेल्या जाड बोल्टला लावला. बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, ठिणगी तिथून लांब पडलेली बरी. शिवाय खराब काळा जोड वाटेतून वगळला जातो. रंगवलेल्या पत्र्यावर मात्र लावू नये. काही पॅकच्या वायरी इतक्या आखूड असतात की बोल्टपर्यंत पोहोचत नाहीत. तेव्हा पॅकच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे करावं.

इतकं करूनही लगेच सेल्फ मारून चाललं नसतं, कारण पॅक उतरला होता. याचा हिशेब सोपा आहे. दादाच्या पॅकवर ८००० एमएएच लिहिलेलं होतं. ते ३.७ व्होल्टवरचं माप, म्हणजे सुमारे ३० वॅट-तास. गाडीची ३५ एएचची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ४२० वॅट-तास. पॅक म्हणजे थोड्या सेकंदांचा जोर, बॅटरी भरणारं यंत्र नव्हे. तीन दिवे म्हणजे साधारण अर्ध्यापासून पाऊण भरलेला, आणि बरेच पॅक अर्ध्याखाली उतरले की सेल्फच्या ओढीखाली इतके दबतात की वायर स्वतःच प्रवाह तोडते. म्हणून लागणारा लाल दिवा बिघाडाचाच असतो असं नाही, पॅक उतरल्याचाही असू शकतो. पाच व्होल्ट, दोन अँपिअरच्या मोबाइल चार्जरने असा पॅक रिकामा असेल तर भरायला तीन तासांहून जास्त लागतात. आम्ही दोनेक तास भरला, काढल्यावर थोडा थांबलो, मग लावला.

पॅक न वापरता ठेवला तरी हळूहळू उतरतो. दर तीन महिन्यांनी भरायची तारीख फोनमध्ये लावून ठेवावी. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री तर नक्कीच. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो कायमचा ठेवू नये. काचा बंद असलेल्या गाडीतलं तापमान लिथियम सेलला सोसणारं नसतं. त्यात तो लवकर म्हातारा होतो. अशा पॅकचे चारही दिवे लागतात, पण सेल्फ मारताच एकावर येतात, आणि चार्जही झटकन होतो. हे दिसलं की त्याच्यावर विसंबून राहू नका. फुगलेला पॅक वापरूही नका आणि चार्जही करू नका. तो कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्या.

टर्मिनल स्वच्छ झाल्यावर वायरमनने परत मोजलं: लाल बाजूला ०.३, काळ्या बाजूला ०.२. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. सेल्फ एका वेळी पाचेक सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. इंजिन सुरू झाल्यावर तीस सेकंदांच्या आत चिमटे काढा, आधी काळा. अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या वर देतो आणि तो दाब साध्या वायरींच्या पॅकमध्ये उलटा शिरू शकतो.

एक बटण राहिलं. बॅटरी अगदी मेलेली असली तर वायरीला ती दिसतच नाही आणि दिवा लागत नाही. त्या वेळी बूस्ट किंवा ओव्हरराइड नावाचं बटण दाबून जबरदस्तीने प्रवाह सोडता येतो. पण त्यात उलट्या जोडणीचं आणि ठिणगीचं संरक्षण बंद होतं. म्हणून ते दाबण्यापूर्वी लाल चिमटा धन खुणेच्या खांबावरच आहे, हे दोघांनी वेगवेगळं पाहावं.