भोकाचं वजन उणे

बारा सेंटिमीटर त्रिज्येची पुठ्ठ्याची चकती. तिच्यातून सहा सेंटिमीटर त्रिज्येचं गोल भोक असं कापलं, की ते एका बाजूला चकतीच्या कडेला टेकतं. उरलेल्या तुकड्याचं वस्तुमानकेंद्र कुठे? अकरावी-बारावीला वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवलेले एक सर सांगतात, ‘मुलं सूत्र बरोबर लिहितात, पण भाग द्यायची वेळ आली की घसरतात.’

युक्ती अशी, की भोक कापलंच नाही असं धरायचं. पूर्ण चकती जागेवर ठेवायची आणि भोकाच्या जागी उणे वस्तुमानाची एक छोटी चकती बसवायची. त्रिज्या निम्मी म्हणजे क्षेत्रफळ पाव, म्हणून भोक एक भाग आणि पूर्ण चकती चार भाग. आरंभबिंदू मोठ्या चकतीच्या मध्यावर घेतला तर तिचा हिस्सा शून्य येतो. भोकाचा मध्य सहा सेंटिमीटरवर, त्याचा हिस्सा उणे सहा. भागायचं मात्र चार वजा एक, म्हणजे तीनने. उत्तर उणे दोन: केंद्र भोकाच्या विरुद्ध बाजूला दोन सेंटिमीटर सरकलं.

घसरगुंडी इथेच होते. वरचं उणे लक्षात राहतं, खालचं राहत नाही. चारने भागलं की दीड येतं आणि ते दिसायला अगदी पटण्यासारखं असतं! काही जण क्षेत्रफळाऐवजी त्रिज्याच वजा करतात, मग केंद्र थेट सहा सेंटिमीटर पळतं. सरांचा यावर उपाय साधा आहे: कापलेला तुकडा मनातल्या मनात परत बसवा. एक भाग सहावर आणि तीन भाग दोनवर. सहा एके सहा, तीन दुणे सहा, तोल जमला. दीड घेतलं तर साडेचारच भरतात.

उणे संख्या न वापरताही हे जमतं. आर्किमिडीजने पातळ्यांच्या समतोलावरच्या ग्रंथात हाच वजाबाकीचा नियम तोलाच्या भाषेत मांडला आहे.

हातानेही ताडून पाहता येतं. कडेजवळ टाचणी टोचून चकती टांगायची, त्याच टाचणीला ओळंबा सोडायचा आणि दोऱ्याची रेघ पुठ्ठ्यावर आखायची. मग दुसऱ्या जागी टांगून पुन्हा तेच. टाचणीचं छिद्र घट्ट असेल तर चकती अडकते आणि रेघ चुकते, म्हणून छिद्र जरा सैल ठेवावं. दीड आणि दोन यांतला अर्धा सेंटिमीटर पुठ्ठ्यावर सहज दिसतो.

भोक मोठं केलं की मात्र गंमत होते. कडेला टेकलेल्या भोकाची त्रिज्या आठ घेतली, तर केंद्र उणे ३.२ वर येतं आणि भोक उणे चारपर्यंत पोचलेलं असतं. म्हणजे केंद्र भोकातच! रेघा हवेत छेदतात. अशा वेळी भोकावर पातळ पतंगी कागद चिकटवून त्यावर रेघा आखाव्यात. पुठ्ठ्यापुढे त्याचं वजन नगण्य असतं.