वाक्यातील रक्कम आणि तारीख : TEXT सूत्राचा उपयोग

मार्चअखेर जवळ आली की जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पंचायत समित्यांमधून गावोगावच्या घरपट्टी थकबाकीची पत्रे निघू लागतात. गावांची नावे, थकबाकीच्या रकमा आणि तारखा संगणकावरील एक्सेलच्या कोष्टकात असतातच. तेव्हा प्रत्येक पत्रातील वाक्य हाताने न लिहिता ते सूत्राने जुळवावे, हा विचार स्वाभाविक आहे. मात्र सूत्र साधेपणाने लिहिले, तर हाती काय येते हे प्रथम पाहावयास हवे.

उदाहरणादाखल एका गावाची नोंद घेऊ. B2 या चौकटीत थकबाकी १,२५,४००.५० अशी दिसते आणि C2 मध्ये ३१-०३-२०२५ ही तारीख दिसते. या दोन्ही & या चिन्हाने वाक्यात जोडल्या :

```
="दि. "&C2&" अखेर थकबाकी रु. "&B2
```

पडद्यावर उमटते ते असे :

```
दि. 45747 अखेर थकबाकी रु. 125400.5
```

असे का व्हावे? एक्सेल तारीख ही तारीख म्हणून नव्हे, तर दिवसांचा क्रमांक म्हणून साठविते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस. धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. ती तारीख एक्सेलच्या लेखी ३५९७७ एवढीच आहे. चौकटीत आपणांस जी तारीख किंवा स्वल्पविराम दिसतात, तो त्या संख्येवर चढविलेला पोशाख होय. & हे चिन्ह आतील संख्या घेते, पोशाख मागे ठेवते. म्हणूनच स्वल्पविराम गळाले आणि पैशांतील शेवटचे शून्यही गेले.

हा पोशाख वाक्यातही राहावा यासाठी TEXT हे सूत्र आहे. त्यास दोन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणती चौकट, आणि अवतरणचिन्हांत तिचे रूप.

```
="दि. "&TEXT(C2,"[$-44E]d mmmm yyyy")
&" अखेर थकबाकी रु. "&TEXT(B2,"#,##0.00")
```

येथे d म्हणजे दिवस, mmmm म्हणजे महिन्याचे पूर्ण नाव आणि yyyy म्हणजे चार अंकी वर्ष. [$-44E] ही खूण महिन्याचे नाव मराठीत आणते. ती नसल्यास ते सामान्यतः संगणकाच्या भाषेत येते. रकमेच्या रूपातील 0.00 मुळे पैशांचे दोन्ही अंक कायम राहतात.

स्वल्पविराम कोठे पडतील, हे मात्र संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर अवलंबून असते. भारतीय मांडणी असल्यास 1,25,400.50 येते, अमेरिकी मांडणी असल्यास 125,400.50. पत्र यांपैकी कोणत्याही मांडणीच्या संगणकावर उघडले तरी लाखाचा स्वल्पविराम योग्य जागी हवा असेल, तर रकमेचा भाग असा लिहावा :

```
TEXT(B2,"[>=10000000]##\,##\,##\,##0.00;
[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00")
```

हे सूत्र एकाच ओळीत, मध्ये जागा न सोडता टंकावे. पहिला भाग कोटींसाठी, दुसरा लाखांसाठी आणि तिसरा उरलेल्या रकमांसाठी आहे. उणे रकमाही तिसऱ्या भागात जातात. त्यामुळे लाखावरील उणे रकमेस या सूत्राने लाखाचा स्वल्पविराम मिळेलच असे नाही.

महिना अक्षरी लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. अमेरिकी मांडणीच्या संगणकावर ०३-०४-२०२५ असे टंकले, तर तो ३ एप्रिल न मानता ४ मार्च मानतो. TEXT ही चूक दुरुस्त करीत नाही. आत जी संख्या आहे तिलाच ते रूप देते. परंतु वाक्यात "4 मार्च 2025" असे उमटले, की वाचणाऱ्याच्या लक्षात ती त्वरित येते. नुसत्या अंकांत ती लपून राहते. त्याच संगणकावर ३१-०३-२०२५ टंकल्यास, एकतिसावा महिना नसल्याने, ती तारीख नुसती अक्षरे म्हणून राहते आणि TEXT तिला जशीच्या तशी परत देते. अशी नोंद ओळखण्यासाठी शेजारच्या रकान्यात =ISNUMBER(C2) लिहावे. उत्तर FALSE आले, तर ती तारीख नव्हे, असे समजून पुन्हा नोंदवावी.

शेवटची मर्यादा ध्यानी ठेवावयाची ती ही, की TEXT मधून जे बाहेर पडते ते अक्षर असते, संख्या नसते. अशा रकान्याची SUM ने बेरीज केल्यास ती शून्य येते आणि एक्सेल त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही. म्हणून मूळ रक्कम व मूळ तारीख यांचे रकाने तसेच राखावेत, तालुक्याची बेरीज त्यांवरूनच करावी आणि TEXT चा उपयोग केवळ पत्रातील वाक्यापुरता ठेवावा.