टॉवरचे पत्र कसे तपासावे?

समजा अंधेरीतील एका गृहनिर्माण सोसायटीने शेजारच्या गच्चीवरील मोबाइल टॉवरबद्दल कंपनीकडे विचारणा केली. अभियंत्याचे उत्तर आले: “अँटेनाला २० वॅट शक्ती पुरवली जाते. कंप्रता ९०० मेगाहर्ट्झ आहे. आपली इमारत ५० मीटरवर आहे. प्रारण मर्यादेच्या आत आहे.” हे विधान आपल्याला पडताळून पाहता येईल का?

प्रथम मर्यादा पाहू. भारताने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॅट होती. १ सप्टेंबर २०१२ पासून ती दहापट कडक करून ०.४५ वॅट केली गेली. या लहरींमुळे शरीराच्या ऊती तापतात, हा परिणाम या मर्यादेचा मुख्य आधार आहे.

आता गणित करू. अँटेना सगळीकडे सारख्या लहरी सोडत नाही. विजेरीच्या आरशाप्रमाणे ती त्यांचा झोत करते. झोताच्या मध्यावर ही वाढ साधारण ५० पट धरू. म्हणजे समोरच्या माणसाला २० वॅटचा स्रोत २० × ५० = १००० वॅटचा वाटेल. ५० मीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ ४ × ३.१४ × ५० × ५० = ३१,४०० चौरस मीटर. १००० ला ३१,४०० ने भागले की उत्तर येते सुमारे ०.०३२ वॅट. हे मर्यादेच्या चौदाव्या हिश्श्याइतके आहे. अभियंत्याचे म्हणणे बरोबर ठरले.

पण येथेच थांबू नका. एकाच खांबावर अनेक कंपन्यांच्या अँटेना असू शकतात आणि शरीरावर त्या सर्वांची बेरीज पडते. अशा चार अँटेना एकाच दिशेला असल्या, तरी ५० मीटरवर ०.१३ वॅटच होतात. मात्र उपनगरातील अरुंद गल्लीत समोरची खिडकी १५ मीटरवर आणि अँटेनाच्याच उंचीवर असली तर? तेथे चार अँटेनांचे मिळून सुमारे १.४ वॅट येतात, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट! या उदाहरणात चारही अँटेनांच्या झोतात निदान २७ मीटर अंतर हवे.

याउलट, झोत उभ्या दिशेने अरुंद असल्याने टॉवरच्या अगदी खालच्या मजल्यावर प्रारण बरेच कमी असते. ‘डोक्यावर टॉवर’ यापेक्षा ‘समोर टॉवर’ हीच तपासण्याची जागा होय.

म्हणून पत्रात तीन गोष्टी शोधाव्यात: सर्व कंपन्यांची बेरीज, झोताची दिशा व उंची, आणि सर्वांत जवळच्या खिडकीचे अंतर. त्या नसतील तर सोसायटीने त्या खिडकीपाशी प्रत्यक्ष मोजमाप मागावे.

एक प्रश्न तुमच्यासाठी: अँटेना चारऐवजी नऊ असत्या, तर २७ मीटरऐवजी किती अंतर लागले असते?