एक्क्याऐंशी लिटरचा हिशोबनीस

वडशाकडच्या एका राइस मिलमध्ये यंत्राचा चौथरा घालायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी साइटवर नवा होतो आणि कॅल्क्युलेटरवर माझा फार जीव होता. त्या एका चौथऱ्याने जे शिकवलं ते असं.

१. मी बारीक गोष्टीत हुशार होतो आणि ठोक गोष्टीत मठ्ठ. नकाशात ठोकळा 2.4 मीटर लांब, 1.5 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल होता. गुणाकार केला की 4.32 घनमीटर. त्यात फाउंडेशन बोल्टसाठी सहा पॉकेट, प्रत्येक 150 बाय 150 मिलिमीटर आणि 600 मिलिमीटर खोल. एका पॉकेटचे साडेतेरा लिटर, सहांचे 81 लिटर, म्हणजे 0.081 घनमीटर. निव्वळ काँक्रीट 4.239. हा 0.081 चा आकडा मी तीनदा तपासला. तो पुऱ्या दोन टक्क्यांचाही नव्हता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

२. खोली कुठून मोजायची, हा प्रश्न मी विचारलाच नाही. वरचा 4.32 चा हिशोब नंतर शहाणपण आल्यावरचा आहे. सिमेंट मागवताना मी नकाशा गुंडाळून ठेवला आणि टेप घेऊन खड्ड्यात उतरलो. पीसीसीपासून फरशीच्या पातळीपर्यंत बरोबर एक मीटर भरलं. ठोकळा फरशीच्या 200 मिलिमीटर वर येणार होता, ते नकाशातच राहिलं. माझा हिशोब झाला 3.6 वजा 0.081. पॉकेट मात्र निष्ठेने वजा! 1:1.5:3 च्या मिश्रणाला घनमीटरमागे आठ पोती धरून 29 मागवली. लागणार होती 34. लिटरात सांगायचं तर 81 वाचवले आणि 720 विसरलो.

दुपारी चारला पोती संपली. काँक्रीट फरशीच्या पातळीला येऊन थांबलेलं, वरचा साचा रिकामा, आणि पॉकेटच्या लाकडी पेट्यांची तोंडं वर आलेली. मिस्त्री बिडी विझवत म्हणाले, "साहेब, तुम्ही खड्डा मोजला. आम्ही चौथरा बांधत होतो."

३. ठोकळा एका दमात का ओततात, हे त्या संध्याकाळी कळलं. वडशाहून सिमेंट येईपर्यंत खालचा थर आवळला होता. वर तसंच ओतलं असतं तर ठोकळ्याचे दोन तुकडे झाले असते आणि यंत्राच्या थरथरीने तो सांधा हळूहळू सुटला असता. दुसऱ्या दिवशी छिन्नीने सगळा माथा खरवडला, धुतला, सिमेंटचा घोळ लावून वरचे 200 मिलिमीटर ओतले. त्यातल्या त्यात बरं, सळया आधीच उभ्या बांधलेल्या होत्या. या सळयांची जागा काँक्रीटमधून वजा करत नाहीत, हेही मिस्त्रींनीच थांबवून सांगितलं; मी तेही करायला निघालो होतो.

४. पॉकेट म्हणजे वाचलेलं काँक्रीट, ही माझी समजूत होती. ती जागा नंतर न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची असते, आणि ग्राउट काँक्रीटपेक्षा कितीतरी महाग. वर यंत्राच्या चौकटीखालची 25 मिलिमीटरची फट: दोन मीटर बाय 1.1 मीटरला 55 लिटर. दोन्ही मिळून 136 लिटर. आमच्या ग्राउटच्या पोत्यातून तेरा लिटर माल निघायचा, म्हणून अकरा पोती. मधल्या बोल्टची जागा धरायची गरज नाही. 20 मिलिमीटरचे सहाही बोल्ट मिळून जेमतेम लिटरभर भरतात.

५. लाकडी पेटी काँक्रीटचं पाणी पिऊन फुगते. मी पेट्या कोऱ्याच ठेवल्या होत्या, तेल न लावता. सहापैकी दोन निघेनात. फोडून काढताना एका पॉकेटचं तोंड 150 चं 200 च्या आसपास झालं. म्हणजे माझा तीनदा तपासलेला 0.081 हा आकडा प्रत्यक्षात त्या चौथऱ्यात कधी नव्हताच. आता पेटीला तेल लावतो, तळाकडे किंचित निमुळती करतो आणि काँक्रीट धरू लागलं की हलकेच हलवून सैल करून ठेवतो. ग्राउट मागवायच्या आधी प्रत्येक पॉकेट टेपने पुन्हा मोजतो.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातल्या टर्बाइनचे पाये खांब-तुळयांचे असतात. त्यांचं गणित मला विचारू नका. माझी ओळख भातगिरणीच्या ठोकळ्यापुरतीच. पण तुमच्या नकाशात "खोली" लिहिलेली दिसली, तर त्या बाणाचं वरचं टोक कुठे टेकलंय ते आधी बघा. पॉकेट नंतर वजा करा.